दूध कुठून येतंय?

(दृश्य: घोडबंदर रोड, सकाळ. टॉवरच्या मागे पत्र्याचं कुंपण, पलीकडे मोकळा प्लॉट, त्यात चरणाऱ्या गाई.)

निवेदन :

ठाण्यात गाई अजून आहेत. ओवळे, कासारवडवली, कावेसर या भागात टॉवरच्या मधल्या मोकळ्या प्लॉटवर सकाळी गाई सोडायच्या आणि धारेच्या वेळेला परत आणायच्या, हा क्रम काही घरांत अजून चालू आहे. प्लॉटला पत्र्याचं कुंपण असतं. बांधकाम सुरू झालं की पत्रे हलतात, एखादा खिळ्यावरून निसटतो आणि त्याची कड बरोबर गाईच्या कासेच्या उंचीला येते.

ही तांबू. होल्स्टीन संकर, दुसऱ्या वेताची. साडेसातच्या सुमाराला ती पत्र्याच्या फटीतून आत आली तेव्हा तिच्या मागच्या डाव्या सडातून रक्त ठिबकत होतं. मालकीणबाईंनी खाली बसून पाहिलं. रक्ताच्या लाल रेषेत मध्येच एक पांढरी रेघ होती.

ती पांढरी रेघ म्हणजे दूध. सडाच्या भोकातून नव्हे, जखमेतून.

(दृश्य: सडाचा उभा छेद दाखवणारं चित्र.)

सड आतून पोकळ असतो. बाहेर कातडी, मग स्नायूंचा आणि रक्तवाहिन्यांचा थर, सगळ्यात आत पातळ अस्तर. पोकळीत दूध साठतं. टोकाला जेमतेम १ सेंटीमीटर लांबीची एक बारीक नळी आहे आणि ती एका गोल स्नायूने आवळून धरलेली असते. धार काढताना ती उघडते, नंतर पुन्हा बंद होते. कासेत जंतू जाऊ नयेत यासाठी गाईकडे सगळ्यात मोठी राखण आहे ती या नळीचीच.

म्हणून सडाला लागलं की आधी बघायचं ते रक्त नव्हे. जखमेतून दूध येत नसेल तर जखम वरवरची असण्याचा संभव जास्त. दूध येत असेल तर आतलं अस्तर फाटलेलं आहे, म्हणजे कासेत जायला दुसरं दार उघडलेलं आहे. हे दार आपोआप नीट बुजत नाही. त्याला टाके लागतात, आणि तेही लवकर.

मालकीणबाईंनी डॉक्टरांना फोन लावला.

"वहिनी, हळद लावलीत का?"

"नाही, पण आणायला पाठवली होती."

"थांबवा. हळद, चुना, तेल, पावडर, काहीही नको. जखम स्वच्छ ठेवा, मी निघालो."

हळदीवर डॉक्टरांचा राग नाही. पण फाटलेल्या सडात भरलेली पूड टाके घालण्याआधी कणाकणाने धुऊन काढावी लागते. त्यात वेळ जातो, नाजूक कडा आणखी फाटतात. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साईडचंही तेच. ती उघड्या मांसावर ओतली की जंतूंबरोबर जिवंत पेशीही मरतात.

(दृश्य: पातेल्यात उकळलेलं पाणी, निवल्यावर त्यात मीठ.)

१ लिटर पाणी उकळून निववलं, त्यात दीड लहान चमचा मीठ, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. या पाण्याची धार वरून खाली सोडून जखम धुतली. चोळली नाही. स्वच्छ सुती फडकं दुमडून सडाभोवती धरलं आणि दहा मिनिटं दाबून ठेवलं. दर मिनिटाला उचलून "थांबलं का" पाहिलं की रक्त थांबत नाही, हे मालकीणबाईंना त्या दिवशी दोनदा सांगावं लागलं. मग त्याच मिठाच्या पाण्यात भिजवलेलं गॉज सडाला सैलसर गुंडाळलं. रबर लावायचं नाही, दोरा आवळायचा नाही. रक्त थांबवायला लावलेलं रबर विसरलं गेलं तर सडाचं टोक काळं पडतं, आणि मग शिवायला काही उरत नाही.

वासरू दूर बांधलं. तांबूच्या मागच्या पायांना न्याणं घालून तिला स्वच्छ, कोरड्या जागेवर उभं केलं. बाकीचे तीन सड रोजच्यासारखे पिळले. जखमी सडाला कुणी हात लावला नाही.

एवढ्यात शेजारच्या गोठ्यातला एक जाणता माणूस कडुनिंबाची सोललेली काडी घेऊन आला. "भोकातून घालून ठेवा, दूध खाली उतरेल, जखमेवर जोर येणार नाही." त्याचा हेतू चांगला होता. ठाण्यातच काय, राज्यभर ही काडी चालते. कुठे तिच्या जागी उदबत्तीची काडी, कुठे सायकलचा स्पोक. नळीच्या आतलं अस्तर त्याने खरवडलं जातं, वर जंतू थेट कासेत पोचतात. आठवड्याभरात दगडी होते, म्हणजे कास सुजून दगडासारखी घट्ट होते, आणि सड वाचला तरी त्याच्या वरचा कासेचा कप्पा जातो. काडी परत गेली.

(दृश्य: डॉक्टर येतात. घड्याळात साडेनऊ.)

ठाण्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. गायमुखला कंटेनर अडकला की डॉक्टरही अडकले. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला गाय टेम्पोत घालून न्यायची तर जाण्यातच अर्धा दिवस जातो. आणि या जखमेला वेळेची मर्यादा आहे. पहिल्या बारा तासांत शिवली तर सांधण्याची शक्यता सगळ्यात चांगली. चोवीस तास उलटले की कडा सुजतात, टाका ओढला की लोण्यासारखी कातडी कापली जाते. मग पुष्कळदा आत्ता शिवायचंच नाही, जखम निवळू द्यायची आणि राहिलेलं भोक गाय भाकड असताना बंद करायचं, असा निर्णय घ्यावा लागतो. डॉक्टर पोचत नसतील तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

डॉक्टरांनी गॉज सोडलं. जखम साधारण ४ सेंटीमीटर, इंग्रजी व्ही अक्षरासारखी, टोक खाली. कातडीची फडक वरच्या बाजूला जोडलेली. ते म्हणाले, "नशीब. वर जोडलेली आहे." सडाला रक्त वरून खाली येतं. फडक वर जोडलेली असेल तर तिला रक्त मिळत राहतं; खाली जोडलेली असेल तर ती काळी पडायची भीती जास्त. याच कारणाने उभी जखम आडव्या जखमेपेक्षा बरी जुळते.

(दृश्य: तांबूला गुंगी देऊन कुशीवर झोपवलंय. वरून छत्रीची सावली.)

सडाच्या बुंध्याभोवती कातडीखाली गोल फिरवत लिग्नोकेन दिलं. अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलं नको. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि इथे प्रत्येक वाहिनी हवी असते. जिवंत कड नखाएवढीसुद्धा न काढता, जेवढी अगदी निर्जीव तेवढीच कातरली. मग तीन थर, तीन वेगळी शिवण. सगळ्यात आतली विरघळणाऱ्या बारीक धाग्याने, आणि सुई पोकळीत जाऊ न देता. धागा पोकळीत उतरला तर त्याच्याभोवती खडा धरतो. मधल्या थरानंतर डॉक्टर थांबले. भोकातून बारीक नळीने निर्जंतुक सलाईन सोडलं, सड भरला, शिवणीकडे पाहिलं. एका जागी थेंब आला. तिथे एक टाका वाढवला. पुन्हा भरलं. कोरडं. मग बाहेरची कातडी नायलॉनने, सुटे सुटे टाके.

पुढचे दिवस धार हाताने काढायची नाही. सडात बसवलेल्या टोपणवाल्या प्लास्टिकच्या नळीतून दिवसातून दोनदा दूध आपोआप गळू द्यायचं. प्रत्येक वेळी हात धुऊन, टोपण निर्जंतुक करून. त्या सडात अँटिबायोटिकची ट्यूब. आणि इथे मालकीणबाईंना पटायला वेळ लागला: दूध फक्त त्या सडाचं नाही, चारही सडांचं बाजूला ठेवायचं, ट्यूबवर छापलेले दिवस संपेपर्यंत. औषध रक्तातून बाकीच्या कप्प्यांतही जातं.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी लक्ष ठेवायचं. कड काळसर आणि गार, टाक्यातून दुधाचा मणी, दुधात गुठळ्या किंवा पाण्यासारखं दूध, कप्पा गरम, ताप १०३ फॅरेनहाइटच्या वर. यातलं एकही दिसलं तर डॉक्टरांना दहाव्या दिवसाची वाट न पाहता बोलवायचं. तांबूचे टाके दहाव्या दिवशी निघाले.

(दृश्य: त्याच गोठ्याचं दुसरं टोक. म्हातारीसारखी शांत उभी असलेली काळी गाय.)

त्याच दिवशी मालकीणबाईंनी डॉक्टरांना दुसरी गाय दाखवली. हिला बाहेरून खरचटसुद्धा नाही. गोठ्यात जागा तोकडी, लादी निसरडी. उठताना तिचा स्वतःचाच खूर सडाच्या टोकावर पडला होता. सूज उतरली आणि धार सुतासारखी बारीक झाली. गडी अंगठा मुडपून, त्याच्या हाडाने सड दाबून धार काढतो. त्या दाबाने आतली इजा रोज थोडी वाढत गेली. मुठीने धार काढली असती तर गोष्ट एवढी लांबली नसती.

इथे प्रश्न उलटा. दूध कुठे अडलंय?

डॉक्टरांनी सड दोन बोटांत धरला. सड टम्म भरलेला, तरी बाहेर काही नाही. टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढी घट्ट गाठ. म्हणजे अडथळा खालच्या नळीत. यावर शस्त्रक्रिया होते. भूल देऊन, बोथट टोकाच्या खास सुरीने नळीच्या आतला घट्ट भाग दोन-तीन जागी हलकेच कापतात. हलकेच, कारण जास्त कापलं की आवळणारा स्नायूच जातो. मग सड रात्रंदिवस गळत राहतो, आणि अशा गळक्या सडाची दगडी हटता हटत नाही. कापल्यावर नळी पुन्हा चिकटू नये म्हणून तिच्यात पातळ खुंटी ठेवतात आणि सुरुवातीचे काही दिवस थोड्या थोड्या तासांनी दोन-चार धारा काढतात.

डॉक्टरांनी त्या गाईचा दुसरा मागचा सडही चाचपला. तो मऊ, रिकामा, आणि वर कास मात्र भरलेली. जुनी गोष्ट, मागच्या वेतापासूनची.

"याचंही करूया का, डॉक्टर?"

"नको वहिनी. इथे अडथळा वर आहे, कास आणि सडाच्या सांध्याशी. तिथलं जाड झालेलं मांस कापलं तर रक्त येतं, आणि बरं होताना ते पुन्हा जाड होतं. दोन महिन्यांत आहे तिथेच येऊ."

त्या कप्प्यात गुठळ्या नव्हत्या, ताप नव्हता. म्हणून तो सड पिळणं बंद करायचं ठरलं. सुरुवातीला कप्पा ताठेल, मग दूध शोषलं जाऊन सैल पडेल. गरम आणि लाल झाला तरच कळवायचं. बाकीचे कप्पे थोडं दूध वाढवून देतात, सगळं भरून काढत नाहीत. खालच्या नळीच्या शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या सोमवारची घेतली, सकाळी लवकर, गायमुखची कोंडी व्हायच्या आत.