कानाला दडे आणि डाव्या कानातली सूंऽऽ

गेल्या पावसाळ्यात बदलापूरच्या एक ताई माझ्या टेबलावर हेडफोन ठेवून म्हणाल्या, "काका, हे लावलं की कानाला दडे बसतात आणि डावीकडे सारखं सूंऽऽ वाजतं." लोकलमध्ये गाणी ऐकायला आवाज दाबणारे म्हणून घेतलेले कानभर हेडफोन. तक्रारी दोन, आणि दोन्हींची कारणं वेगळी निघाली. म्हणून आज याच हेडफोनची गोष्ट सांगतो.

आधी दड्यांचं बघू. घाट चढताना कानाला दडे बसतात तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब खरोखरच बदललेला असतो. इथे तसं काही नसतं. बाहेरचा माइक गाडीची घरघर ऐकतो, सर्किट तिची उलटी लाट तयार करतं, स्पीकर ती वाजवतो आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. हे चांगलं जमतं ते खालच्या पट्टीत, साधारण हजार हर्ट्झच्या आत. म्हणजे घरघर जाते, पण शेजारच्यांच्या गप्पा बऱ्याचशा उरतात. खालची पट्टी अशी अचानक गायब झाली की मेंदूला वाटतं, कान दडपला. ओळखायचं सोपं आहे: हेडफोन डोक्यावरच ठेवून फक्त नॉइज कॅन्सलिंग बंद करा. दडे लगेच सुटले तर हा मेंदूचा समज. नाही सुटले तर उशी घट्ट बसते आहे किंवा हवा जायचं बारीक भोक बुजलंय. ताईंचे दडे बटण दाबताच सुटले, पण त्या म्हणाल्या, "डावीकडे जास्तच विचित्र वाटतं." हे मी लक्षात ठेवलं.

आता सूंऽऽ. थोडी सूं असतेच. असल्या चिमुकल्या माइकच्या माहितीच्या कागदावर सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे आवाज माइकच्या खरखरीच्या किती वर आहे ते, साधारण ६५ डेसिबल लिहिलेलं असतं, आणि ते ९४ डेसिबलच्या आवाजाशी तुलना करून मोजलेलं असतं. वजाबाकी करा: २९ उरतात. म्हणजे माइकची स्वतःची खरखर रात्रीच्या शांत खोलीइतकी. देवघरात बसून हेडफोन लावलात तर ती ऐकू येणार, लोकलमध्ये नाही. ताईंना मात्र ती लोकलमध्येही ऐकू येत होती, आणि एकाच बाजूला. तिथेच कळलं, हा बिघाड आहे.

मग तीन स्थितींत ऐकलं. नॉइज कॅन्सलिंग बंद, हेडफोन चालू: सूं नाही. म्हणजे स्पीकर आणि त्याचा ॲम्प्लिफायर ठीक. नॉइज कॅन्सलिंग चालू: डावीकडे सूं. बाहेरचं ऐकवणारा मोड लावला: सूं आणखी मोठी. या मोडमध्ये बाहेरच्या माइकचा आवाज थेट कानात येतो, म्हणून तपासायला तो उत्तम. त्याच मोडमध्ये माइकच्या प्रत्येक भोकाजवळ बोट हळूच घासलं. उजवीकडे खसखस स्वच्छ, डावीकडे गोधडीतून आल्यासारखी.

डाव्या माइकचं भोक बुजलंय हे उघडच होतं. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झटकली, तर पावडर आणि घामाचा पापुद्रा पडला. टाचणी घालू नका, आणि हवेच्या डब्याने फुंकर तर मुळीच मारू नका. आतला पडदा इतका नाजूक असतो की फाटतो. साफ केल्यावर खसखस स्वच्छ झाली, डावीकडचं विचित्रपण गेलं. एक बाजू घरघर कापते आणि दुसरी अर्धवट, हेच ते विचित्रपण होतं.

सूं मात्र तशीच. आणि हे बरोबरच आहे. बुजलेला माइक कमी ऐकतो. तो सूं वाढवत नाही. सूं वाढते ती ओल शिरल्यावर किंवा सर्किट बिघडल्यावर. दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवले (तांदळात नको, पीठ जाळीत जातं). फरक शून्य.

शेवटी उशी काढून डावा कप उघडला. माइकच्या सर्किटपट्टीवरचे सोल्डरचे टाके हिरवट पडले होते. टेबलावरचा दिवा जवळ घेतल्यावर दोन टाक्यांच्या मध्ये पांढरी बुरशीसारखी रेघ दिसली. घामाचं मीठ, त्यातून थोडी थोडी वीज पाझरते आणि तीच कानात सूं होऊन येते. माइकच्या भोकावर टेप लावून टाके आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक ब्रशने धुतले, वाळू दिले. सूं गेली, उरली ती उजवीकडच्याइतकीच.

नसती गेली तर मी माइक बदलला असता का? विचारपूर्वक. कारखान्यात असे बरेच हेडफोन त्यांच्या स्वतःच्या माइकशी जुळवून घेतलेले असतात. नवा माइक थोडा जास्त तिखट निघाला तर घरघर नीट कापली जात नाही, आणि बदललेला माइक कपाच्या आतला, कानाकडचा असेल तर कप हाताने दाबताच शिट्टीही वाजू शकते. ताईंना हे आधीच सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "मग सूंच बरी." सुदैवाने ती वेळ आली नाही.