चित्रातले नऊ गोळे आणि युनिट सेलमधले दोन अणू

मित्रहो, आज आपण एकच गणित घेणार आहोत आणि ते शेवटपर्यंत सोडवणार आहोत. समोरच्या पडद्यावर एका छापील प्रश्नाचा फोटो आहे. त्यात घनाकृती युनिट सेलचे काळेपांढरे चित्र आहे: आठ कोपऱ्यांवर आठ गोळे आणि मधोमध एक गोळा. चित्राखाली लिहिले आहे की हा धातू लोखंड आहे, त्याचे मोलर वस्तुमान ५५.८५ ग्रॅम प्रति मोल आहे आणि घनाच्या कडेची लांबी २८६.६ पिकोमीटर आहे. घनता आणि अणुत्रिज्या काढायची आहे. रचना कोणती, हे प्रश्नात सांगितलेले नाही. ते चित्रावरूनच ओळखायचे आहे.

घनतेचे सूत्र बहुतेकांना पाठ असते.

ρ = zM / (a³N_A)

यातली M आणि a ही मूल्ये प्रश्नात आयती मिळतात आणि N_A, म्हणजे अ‍ॅव्होगॅड्रो अंक, आपल्याला ठाऊकच असतो. z तेवढा कोठेही लिहिलेला नसतो. z म्हणजे एका युनिट सेलच्या वाट्याला येणाऱ्या अणूंची संख्या, आणि ती चित्रातूनच काढावी लागते. सूत्रात आकडे घालण्याआधी अणू मोजा, असा माझा आग्रह आहे तो याचसाठी. एकदा आकडेमोड सुरू झाली की लक्ष दहाच्या घातांकांकडे जाते आणि z च्या जागी जी संख्या आधी सुचली असेल तीच निमूटपणे कायम राहते.

प्रथम मधला गोळा नेमका कोठे आहे ते ठरवू, कारण फोटोत हीच गोष्ट सर्वांत फसवी असते. घन काढताना आपण समोरचा चौरस काढतो, मागचा चौरस थोडा वर व उजवीकडे सरकवून काढतो आणि कोपरे जोडतो. मागच्या कडा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात आणि फोटोत त्या पुसट होतात. मग मधला गोळा समोरच्या पृष्ठाच्या केंद्रावर आहे की घनाच्या पोटात, हे नुसत्या नजरेने कळत नाही. अशा वेळी पट्टी घ्यावी आणि घनाचे कर्ण, म्हणजे समोरच्या कोपऱ्यापासून मागच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंतच्या रेषा काढाव्यात. मात्र एकच कर्ण काढून थांबू नये. मागचा चौरस बरोबर पंचेचाळीस अंशांनी सरकवलेला असेल, तर समोरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून मागच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणारी रेषा समोरच्या पृष्ठाच्या केंद्रावरूनही जाते, त्यामुळे त्या एका रेषेवरून काहीच निर्णय होत नाही. दुसरा कर्ण समोरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत काढला की तो पहिल्याला घनाच्या केंद्रातच छेदतो आणि समोरच्या पृष्ठाचे केंद्र त्या छेदबिंदूपासून दूर राहते. आपल्या चित्रात गोळा बरोबर या छेदबिंदूवर आहे. म्हणजे ही अंतःकेंद्रित घन रचना, जिला वर्गात आपण बीसीसी म्हणतो.

आता मोजणी. चित्रात गोळे नऊ दिसतात, पण हे नऊच्या नऊ या सेलच्या मालकीचे नाहीत. स्फटिकात असे घन एकमेकांना चिकटून सर्व दिशांना पसरलेले असतात आणि प्रत्येक कोपऱ्यापाशी आठ घन एकत्र येतात: चार वरच्या थरातले, चार खालच्या. कोपऱ्यावरचा अणू त्या आठांत समान वाटला जातो, म्हणून एका घनाच्या वाट्याला त्याचा आठवा भाग येतो. आठ कोपऱ्यांचे आठ अष्टमांश मिळून एक पूर्ण अणू होतो. मधला अणू पूर्णपणे आतच आहे, त्याला वाटेकरी कोणी नाही. म्हणून z = १ + १ = २. पृष्ठाच्या केंद्रावर अणू असता तर तो दोन शेजारी घनांत अर्धा अर्धा वाटला गेला असता. पृष्ठकेंद्रित रचनेत अशा सहा अर्ध्यांचे तीन आणि कोपऱ्यांचा एक मिळून चार अणू होतात.

z हाती आल्यावर आकडे घालू. एक पिकोमीटर म्हणजे १०⁻¹⁰ सेंटिमीटर, म्हणून कड २.८६६ × १०⁻⁸ सेंटिमीटर आहे. तिचा घन २.३५४ × १०⁻²³ घन सेंटिमीटर येतो. अंशात २ × ५५.८५, म्हणजे १११.७०. छेदात २.३५४ × १०⁻²³ गुणिले ६.०२२ × १०²³, म्हणजे सुमारे १४.१८. भागाकार ७.८८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. लोखंडाची मोजलेली घनता ७.८७ आहे, तेव्हा उत्तर जुळले.

अणुत्रिज्येसाठी कोणते अणू एकमेकांना खरोखर टेकतात, हे विचारायचे. बीसीसीमध्ये कोपऱ्यावरचे अणू कडेवर एकमेकांना टेकत नाहीत. स्पर्श होतो तो घनाच्या कर्णावर: कोपऱ्यातल्या अणूची एक त्रिज्या, मधल्या अणूचा पूर्ण व्यास आणि पलीकडच्या कोपऱ्यातल्या अणूची एक त्रिज्या. म्हणून √३a = ४r. कर्णाची लांबी १.७३२ × २८६.६ म्हणजे ४९६.४ पिकोमीटर, आणि तिचा चौथा हिस्सा १२४.१ पिकोमीटर. ही लोखंडाची अणुत्रिज्या. दोन त्रिज्या मिळून २४८.२ होतात आणि कड २८६.६ आहे, म्हणजे कडेवरच्या दोन अणूंमध्ये ३८.४ पिकोमीटरची फट राहते. चित्रात गोळे मोठे काढलेले असतील तर ही फट दिसते, आणि ती दिसली तर रचना ओळखल्याची आणखी एक खात्री पटते.

आता मोजणी चुकली तर काय होते ते पाहू. कोणी नऊ गोळे पाहून z = ९ घेतला, तर घनता साडेपस्तीस येते. सामान्य परिस्थितीत ऑस्मियम हे सर्वांत घन मूलद्रव्य आहे आणि त्याची घनता २२.६ च्या आसपास आहे. त्यामुळे ही चूक लगेच उघडी पडते. पण मधला गोळा पृष्ठावरचा समजून कोणी रचना पृष्ठकेंद्रित ठरवली आणि z = ४ घेतला, तर घनता १५.७६ येते. एवढ्या घनतेचे धातू असतात, म्हणून धातूचे नाव दिलेले नसेल तर हा आकडा खटकणार नाही. त्रिज्येचे तर आणखी अवघड आहे. पृष्ठकेंद्रित रचनेत स्पर्श पृष्ठाच्या कर्णावर होतो, म्हणजे √२a = ४r, आणि या सूत्राने त्रिज्या १०१.३ पिकोमीटर येते. अणुत्रिज्या म्हणून हा आकडाही सहज खपून जातो. रचना एकदा चुकली की z आणि स्पर्शाची रेषा दोन्ही एकाच बाजूला चुकतात आणि दोन्ही उत्तरे एकमेकांशी सुसंगतच दिसतात.

एकाच ठिकाणी मात्र विसंगती हमखास दिसते, ती म्हणजे z एका रचनेचा आणि त्रिज्येचे सूत्र दुसऱ्या रचनेचे घेतले असेल तर. अणूंनी सेलचा किती भाग व्यापला ते काढून पाहावे: z गुणिले एका गोळ्याचे घनफळ, भागिले a³. बीसीसीसाठी हे उत्तर ६८ टक्के यायला हवे, पृष्ठकेंद्रितसाठी ७४ टक्के आणि साध्या घनासाठी ५२ टक्के. आपल्या गणितात त्रिज्या १२४.१ ठेवून z = ४ घातला, तर १३६ टक्के येतात, म्हणजे पेटीपेक्षा आतला माल मोठा. उलट z = २ आणि त्रिज्या १०१.३ घेतली तर जेमतेम ३७ टक्के येतात. ही पडताळणी दोन मिनिटांची आहे आणि मी ती कधीच वगळत नाही.

प्रश्नात घनता दिलेली असेल, तर सूत्र उलटे फिरवून z थेट काढता येतो. ७.८७ × २३.५४ × ०.६०२२ भागिले ५५.८५ केले की १.९९८ मिळतात, इतक्या जवळ पूर्णांक आला की चित्राची मोजणी आणि दिलेली माहिती एकमेकांना दुजोरा देतात. २.५ सारखे काही आले तर चित्र पुन्हा पाहण्याआधी फोटोतला कडेचा आकडा पुन्हा वाचावा. सूत्रात कडेचा घन असल्यामुळे तिथली छोटी चूक मोठी होऊन बाहेर पडते: अंधुक फोटोत २८६.६ ऐवजी २६६.६ वाचले गेले, तर घनता जवळजवळ २४ टक्क्यांनी वाढून ९.७९ होते.

काळ्यापांढऱ्या फोटोतला एक धोका अजून राहिला, आणि तो माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. मूळ चित्रात मधला गोळा वेगळ्या रंगाचा असू शकतो आणि फोटोत तो रंग हरवतो. सीझियम क्लोराइडचे चित्र अगदी असेच दिसते: कोपऱ्यांवर आठ क्लोराइड आयन आणि मध्ये एक सीझियम आयन. तिथे आठ अष्टमांशांचा एक क्लोराइड आणि मधला एक सीझियम मिळून सूत्राचे एकच एकक होते. म्हणून z = १, आणि M हे पूर्ण संयुगाचे, १६८.४. कड ४१२.३ पिकोमीटर घेतली की घनता ३.९९ येते आणि ती प्रत्यक्ष घनतेशी जुळते. बीसीसी समजून z = २ घेतला, तर उत्तर नेमके दुप्पट येते. म्हणून प्रश्नात संयुगाचे सूत्र दिलेले असेल, तर सगळे गोळे एकाच जातीचे दिसत असले तरी प्रत्येक जातीची मोजणी वेगळी करावी आणि ते प्रमाण सूत्राशी जुळते का, ते पाहावे. त्रिज्येच्या बाबतीत या चित्रातून मिळणारी माहितीही मर्यादित असते. घनाच्या कर्णावर स्पर्श होतो तो दोन वेगळ्या आयनांचा, त्यामुळे √३a/२, म्हणजे ३५७ पिकोमीटर, ही दोन्ही त्रिज्यांची बेरीज झाली. त्यातला सीझियमचा वाटा किती आणि क्लोराइडचा किती, हे ठरवायला दोहोंपैकी एकाची त्रिज्या बाहेरून मिळवावीच लागते.