सापडलेल्या मुलाचं नाव माइकवर सांगू नका

(गड्ड्याच्या यात्रेआधी सोलापुरात स्वयंसेवकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरली की होम मैदानावर पाळण्यांपासून खेळण्यांच्या दुकानांपर्यंत मुंगीला वाट मिळत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी, सगळ्या बोलींची माणसं लेकरांना घेऊन येतात. मदत केंद्राची सगळी कामं आज सांगत बसत नाही. सापडलेलं मूल योग्य माणसाच्या हाती कसं जातं, तेवढंच नीट बघू.

समजा, पाळण्यापाशी चारेक वर्षांची मुलगी रडत उभी आहे. तिला लगेच उचलून केंद्राकडे धावू नका. आई बहुतेक वेळा मूल शेवटचं दिसलं तिथंच परत येते. पाचदहा मिनिटं तिथंच थांबा, खाली बसून तिच्याशी बोला आणि केंद्राला फोन करून जागा कळवा. तिला मराठी कळत नसेल तर ‘निन्न हेसरेनु?’ विचारा, नाहीतर ‘नी पेरेंटी?’. आपल्या बोलीतला प्रश्न ऐकला की मूल बोलतं होतं. आई आलीच नाही तर दोघांनी मिळून तिला केंद्रात आणा, त्यातली एक ताई असू द्या. वहीत वेळ, जागा, आणणाऱ्याचं नाव, कपडे, चप्पल, अंगावरच्या खुणा लिहा आणि यात्रेतल्या पोलीस चौकीला तेव्हाच कळवा.

आता माइक. आपल्याकडे सवयीनं काय पुकारतात? ‘लाल फ्रॉक घातलेली, चार वर्षांची अमुक नावाची मुलगी सापडली आहे.’ हे ऐकणारा कुणीही येऊन ‘ती लाल फ्रॉकवाली माझी’ म्हणू शकतो. नावही आपणच सांगितलेलं, त्यामुळे तो तिला नावानं हाकही मारेल. मग आई कोण हे ओळखायला आपल्या हातात काही उरतच नाही. म्हणून एवढंच पुकारायचं:

‘लक्ष द्या. एक लहान मूल मदत केंद्रात सुरक्षित आहे. ज्यांचं मूल सोबत नाही, त्यांनी होम मैदानावरील मदत केंद्रात यावं. ओळखपत्र आणि मुलाचा फोटो असल्यास सोबत आणावा.’

मुलगा की मुलगी, तेही नाही. सावकाश, दोनदा, मग कन्नड आणि तेलुगूत. त्या भाषा घरी बोलणारा स्वयंसेवक माइकपाशी बसवा. तेवढा एक मिनिट पाळणेवाल्यांना गाणी बंद करायला सांगा, नाहीतर पुकारा कुणालाच ऐकू जात नाही.

माणूस आला की मूल पुढे आणू नका. आधी त्याला विचारा: काय घातलं होतं, पायात काय होतं, घरी काय म्हणून हाक मारता, कुठं चुकामूक झाली? उत्तरं वहीशी ताडा, मोबाइलमधला फोटो बघा. मग मुलीला ‘ही तुझी आई ना?’ असं नका विचारू, रडवेलं मूल कशालाही मान डोलावतं. ‘कोण आलंय?’ एवढंच विचारा आणि तिच्याकडे बघत राहा. धावत जाऊन बिलगली तरी ओळखपत्राची नोंद आणि सही घ्याच. अंग चोरून तुमच्यामागे लपली तर पोलिसांशिवाय पुढचं पाऊल नको. ‘शेजारी आहे, घरी पोहोचवतो’ म्हणणाऱ्याच्या ताब्यातही द्यायचं नाही.

उलट बाजूनं आई रडत केंद्रात आली, तर तिनं सांगितलेलं वर्णन माइकवरून नव्हे, फोनवरून पोलिसांना आणि सगळ्या दारांवरच्या माणसांना द्या. घरचं एक माणूस चुकामूक झाली तिथंच उभं राहू दे.

मैदान रिकामं झालं, कुणीच आलं नाही, तर कितीही जीव तुटला तरी मूल आपल्या घरी न्यायचं नाही. पोलीस आणि १०९८ या चाइल्डलाइनला कळवा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं.

वस्तूंनाही हाच नियम. ‘एक पाकीट सापडलं आहे’ एवढंच पुकारा. रंग आणि आतले पैसे मालक सांगेल. पैसे दोघांसमोर मोजून, लिहून, लिफाफ्यात बंद करा. सापडलेला मोबाइल बंद करू नका, फोन येईल तो उचला. घ्यायला आलेल्यानं तुमच्यासमोर लॉक उघडून दाखवायला हवं. ज्याचा मोबाइल सापडलाच नाही, त्याला पोलिसांत तक्रार द्यायला सांगा. तिची प्रत आणि खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक घेऊन ceir.gov.in वर तो मोबाइल ब्लॉक करता येतो. शेवटच्या दिवशी उरलेल्या वस्तू यादीसह पोलीस ठाण्यात जमा करा आणि पोच घ्या.