तीन मिनिटांत किती शब्द मावतात?

(महाविद्यालयातील माहितीपट कार्यशाळेत एका व्हिडिओ संकलक बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी एका गटाची स्क्रिप्ट माझ्या हातात आहे. विषय साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटेची विहीर. स्पर्धेची अट अशी की व्हिडिओ १८० सेकंदांच्या वर गेला तर तो परीक्षकांपर्यंत पोचतच नाही. स्क्रिप्टच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहिलंय, ‘१३० × ३ = ३९०’. म्हणजे मिनिटाला १३० शब्द, तीन मिनिटं, ३९० शब्द. शब्दसंख्या अगदी काटेकोर पाळलेली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हा व्हिडिओ जसाच्या तसा केला तर तो साडेचार मिनिटांचा होईल. कसा, ते आपण या कागदावरच बघू.

पहिला प्रश्न, हे १३० आले कुठून? नेटवर कुठेही शोधा, निवेदनाचा वेग मिनिटाला १५० शब्द असा सापडतो. यांनी समंजसपणा दाखवून वीस कमी केले. पण तो १५० चा आकडा इंग्रजीचा आहे. इंग्रजीत विहिरीच्या समोर म्हणायला चार-पाच सुटे शब्द लागतात. आपण ‘विहिरीसमोर’ म्हणतो आणि मोकळे होतो. आपले प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं सगळी शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे आपला एक शब्द तोंडाला जास्त वेळ धरून ठेवतो.

बरं, मराठीतला शब्दसुद्धा एका मापाचा नसतो. ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. ‘ही विहीर तशी फार जुनी आहे.’ आणि दुसरं, ‘शिलालेखातली अक्षरेसुद्धा सूर्यप्रकाशाशिवाय सहजासहजी वाचवत नाहीत.’ दोन्हींत सहा-सहाच शब्द. पण पहिल्यात १२ अक्षरं आहेत आणि दुसऱ्यात ३२. संगणक दोघांनाही सहाच मोजतो. (दुसरं वाक्य वाईट आहे, हे मला मान्य. पण असली वाक्यं तुमच्या स्क्रिप्टमध्ये आहेत म्हणूनच मला सुचलं.)

मग अक्षरंच मोजावीत का? मोजता येतात, पण त्याची गरज नाही. शब्दच मोजा, फक्त वेग उसना आणू नका. जो निवेदन करणार आहे त्याला याच स्क्रिप्टमधला सव्वाशेएक शब्दांचा सलग तुकडा मोठ्यानं वाचायला द्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. याच स्क्रिप्टमधला, कारण दुसऱ्या कुठल्या गप्पांच्या मजकुरावर वेग मोजलात तर हलक्या शब्दांचा वेग मिळेल आणि तो जड शब्दांना लावला जाईल. मोठ्यानं, कारण मनातल्या मनात वाचताना आपण श्वास घेत नाही आणि जोडाक्षरांवर अडखळत नाही. पहिलं वाचन सोडून द्या, तिसऱ्या वाचनाची वेळ धरा. तोवर जीभ वळलेली असते आणि घाईही सुटलेली नसते.

मोजण्याआधी एक काम करायचं, ते जवळजवळ सगळे विसरतात. आकडे आणि संक्षेप अक्षरांत लिहून काढायचे. या स्क्रिप्टमध्ये आहे, ‘इ.स. १७१९ ते १७२४’. संगणकाच्या हिशोबात हे चार शब्द. वाचायचं कसं? ‘इसवी सन सतराशे एकोणीस ते सतराशे चोवीस.’ सात झाले. त्याच्या शेजारीच शके १६४१ ते १६४६ बसलंय. पुढे विहिरीची खोली, व्यास, सगळं आकड्यांत. मी गटाला सगळे आकडे उलगडायला लावले, तेव्हा ३९० चे ४१२ झाले. एकही नवा शब्द न लिहिता बावीस शब्द वाढले. इतिहासाच्या आणि शेतीच्या स्क्रिप्टमध्ये हे हमखास होतं. कवितेवरच्या व्हिडिओत होत नाही, त्यांचं नशीब.

आता वेग. या गटातल्या निवेदिकेनं १२० शब्दांचा परिच्छेद ६५ सेकंदांत वाचला. मिनिटाला साधारण १११ शब्द. मला हा वेग आवडला. वास्तूबद्दल बोलताना ऐकणारा चित्रही बघत असतो, त्याला धावत सांगण्यात अर्थ नाही. या वेगानं ४१२ शब्दांना किती वेळ? २२३ सेकंद. तीन मिनिटांची हद्द निवेदनानंच ओलांडली, आणि अजून चित्राला आपण जागाच दिलेली नाही.

तीन मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे तीन मिनिटांचं बोलणं नव्हे. म्हणून मी स्क्रिप्टला हात लावायच्या आधी, जिथे निवेदक गप्प असतो ते सेकंद बाजूला काढते. या फिल्ममध्ये ते असे निघाले. नावाची पाटी ४ सेकंद. पहिला शब्द येण्याआधी विहिरीचं वरून दिसणारं दृश्य ६ सेकंद. मध्ये नुसता पाण्याचा आणि पारव्यांचा आवाज १० सेकंद. गावातल्या आजोबांची बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर ते स्वतः बोलतात तो तुकडा, २२ सेकंद. श्रेयनामावली ८ सेकंद. हे झाले ५०. वर ३ सेकंद मी राखून ठेवते, ते कशासाठी ते शेवटी सांगते. १८० मधून ५३ गेले, उरले १२७. १२७ सेकंदांत या मुलीच्या वेगानं २३४ शब्द बसतात. म्हणजे ४१२ शब्दांतले १७८ काढायचे. हे ऐकल्यावर गटाचे चेहरे पडले होते, साहजिक आहे.

इथे दोन गोष्टी जपायच्या. एक म्हणजे बाइटचा अंदाज कागदावर करू नका. आजोबा काही तुमची स्क्रिप्ट वाचणार नाहीत. ते सुरुवातीला तुम्ही कुणाचे कोण ते विचारतील, मग चहा मागवतील, मग विहिरीवर येतील. आधी चित्रीकरण करा, हवा तो तुकडा कापा, त्याची लांबी मोजा आणि मग निवेदन लिहा. हे २२ सेकंद कापलेल्या तुकड्यावरून घेतलेत, अंदाजानं नाही. दुसरी गोष्ट, विराम दोनदा धरू नका. वाक्य संपल्यावरचा श्वास त्या ६५ सेकंदांत आलेलाच आहे. तो वेगळा वजा करायचा नाही. वेगळा वजा करायचा तो ठरवून ठेवलेला विराम, जिथे चित्र एकटं बोलणार आहे. एका गटानं मागे दोन्ही वजा केले आणि त्यांच्या व्हिडिओत वीस सेकंदांची पोकळी राहिली. मग तिथे उगाच सूर्यास्त घातला.

तर गटानं दोन दिवसांत २३४ शब्दांवर आणलं. मी म्हटलं, आता कच्चं रेकॉर्डिंग करा. मोबाइलवरच, पण सगळं निवेदन सलग. टाइमलाइनवर टाकलं तर १२७ च्या ऐवजी १३६ सेकंद! गट म्हणाला, मॅडम, तुमचं गणित चुकलं.

गणित चुकलं नव्हतं, पण एक गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती. कापताना त्यांनी काय काढलं? ‘ही’, ‘तशी’, ‘फार’, ‘खरं तर’, ‘आपल्याला’. सगळे हलके, छोटे शब्द. आणि ठेवलं काय? ‘अष्टकोनी’, ‘शिलालेखातली’, ‘कोरीवकामाच्या’. माहिती जायला नको म्हणून जड शब्द राहिले. त्यामुळे नव्या स्क्रिप्टमधला सरासरी शब्द जुन्यापेक्षा लांब झाला आणि जुना वेग त्याला लागू पडेना. मोठी कापाकापी झाली की वेग पुन्हा मोजायचा, हे तेव्हापासून माझ्या वहीत आहे. ऐकायलाही फरक कळतो. निवेदन सरकारी पत्रकासारखं वाटायला लागलं, वाक्याला श्वास उरला नाही, तर समजा की सुटे शब्द वेचून काढलेत.

आता ९ सेकंद जास्त, म्हणजे नव्या वेगानं सुमारे १५-१६ शब्द. गटातला एकजण म्हणाला, ऑडिओच पाच टक्के फास्ट करू. होतं तसं. स्वर न बदलता वेग वाढवता येतो आणि पाच टक्के सहसा कानाला कळतही नाहीत. १३६ सेकंदांत साडेसहा सेकंद मिळतात. पण हा उपाय रेकॉर्डिंग पक्कं झाल्यावर अडचणीत सापडलेल्या माणसाचा. आपलं अजून कच्चं आहे, मग आत्ताच कशाला? शिवाय नऊ हवे होते, साडेसहानं भागत नव्हतं.

मी त्यांना अख्खं वाक्य शोधायला सांगितलं. वाक्य गेलं की त्याच्यामागचा विरामही जातो, सुटे शब्द काढून तो मिळत नाही. सापडलं, ‘विहिरीच्या चारही बाजूंनी दिसणारे हे दगडी बांधकाम पाहून आपण थक्क झाल्याशिवाय राहत नाही.’ तेरा शब्द. बांधकाम पडद्यावर दिसतंच आहे आणि थक्क व्हायचं की नाही ते बघणाऱ्यावर सोडा. सात सेकंद शब्दांचे, एक विरामाचा. मग शके आणि इसवी सन दोन्ही कशाला? शिलालेखाच्या दृश्यात शके असू दे, निवेदनात इसवी सन पुरे. ‘शके सोळाशे एकेचाळीस ते सोळाशे शेहेचाळीस म्हणजे’ हे सात शब्द गेले, आणखी चार सेकंद. नवं रेकॉर्डिंग १२४ सेकंदांचं आलं.

राहिले ते राखलेले तीन सेकंद. टाइमलाइनवर बरोबर ३:०० दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. संकलनात वेळ फ्रेममध्ये मोजली जाते. शेवटी एखादी काळी फ्रेम राहिली, किंवा संगीताचं शेपूट चित्रापेक्षा थोडं लांब राहिलं, तर बाहेर पडलेली फाइल १८० सेकंदांच्या कणभर पुढे जाते, आणि अपलोड करणारं पान ते ३:०१ दाखवू शकतं. यूट्यूब शॉर्ट्सची मर्यादाही १५ ऑक्टोबर २०२४ पासून ६० सेकंदांवरून तीन मिनिटांवर गेली आहे. तिथेही एवढ्यातेवढ्यानं व्हिडिओ शॉर्ट्सच्या बाहेर पडतो. म्हणून माझं लक्ष्य २:५७. आणि तपासायची ती टाइमलाइन नाही, बाहेर काढलेली फाइल, प्लेअरमध्ये उघडून.

लिंबच्या फिल्ममध्ये १२४ आणि ५० मिळून १७४ झाले. २:५७ पर्यंत तीन सेकंद शिल्लक होते. निवेदिकेनं लगेच ‘थक्क’चं अर्धं वाक्य परत मागितलं. मी ते तीन सेकंद पारव्यांना दिले. दहाचे तेरा झाले.