३४८ पानांना अंक किती? उत्तर ९३३ का नाही?

नमस्कार! पोलीस भरतीच्या सराव संचातल्या एका प्रश्नावर लातूर, नांदेड, परभणीहून सारखी विचारणा होतेय. ३४८ पानांच्या पुस्तकाला पान क्रमांक द्यायला एकूण किती अंक लागतील?

सुरुवातीचं पटकन घेऊ. १ ते ९ ला ९ अंक. १० ते ९९ ही ९० पानं, प्रत्येकी दोन, म्हणजे १८०. झाले १८९. हे पाठच करून टाका.

आता खरी अडचण. १०० ते ३४८ पानं किती? बहुतेक जण ३४८ मधून १०० वजा करतात, २४८ काढतात आणि ९३३ वर खूण करतात. इथं एक पान गळलं, म्हणून तीन अंक गेले.

बघा, १८९ अंकांत आपली ९९ पानं संपली, १०० नाही. शंभरावं पान अजून उभंच आहे. मग ३४८ मधून ९९च जाणार. राहिली २४९.

कमेंटमध्ये एका ताईंनी लिहिलंय, "सर, तरी पटत नाही." ताई, लातूर-नांदेड एसटीत १२ ते १५ नंबरच्या सीटवर किती माणसं बसतील? बारा, तेरा, चौदा, पंधरा. चार. १५ मधून १२ गेले की तीनच येतात, कारण वजाबाकीत बारावी सीटच निघून जाते. १०० नंबरच्या पानाचं तेच होतं. तरीही शंका असेल तर पुस्तक १०० पानांचंच धरा. १०० वजा १०० शून्य, म्हणजे शंभराव्या पानावर अंकच नाही? असं कसं चालेल!

तर २४९ गुणिले ३, ७४७. त्यात १८९ मिळवा. उत्तर ९३६.

पडताळा वेगळ्या वाटेनं घ्या, तीच वजाबाकी परत करू नका. सगळ्या पानांवर तीन-तीन अंक आहेत असं धरा, ००१, ००२ असे. ३४८ गुणिले ३, १०४४. यात फुकटचे शून्य किती? पहिल्या ९ पानांवर दोन-दोन, म्हणजे १८. पुढच्या ९० वर एकेक. एकूण १०८. १०४४ वजा १०८, ९३६. जुळलं. हा १०८ फक्त १०० ते ९९९ पानांच्या पुस्तकाला चालतो बरं का, हजाराच्या पुढं नाही.

उलटा प्रश्नही येतो, अंक देऊन पानं विचारतात. ९३६ मधून १८९ काढा, तीननं भागा, २४९. त्यात ९९ मिळवा, ३४८. इथंही १०० मिळवू नका!

एकानं विचारलंय, अंक १००० असले तर? १००० वजा १८९, ८११. तीननं भागलं की २७० येतात आणि बाकी १ उरते. म्हणजे ३६९ पानं पूर्ण होतात आणि ३७० मधला नुसता ३ लिहून होतो. बरोबर १००० अंक लागणारं पुस्तक असूच शकत नाही.