फोटोखाली चुकीचं नाव छापलंय? संपादकांना दुरुस्तीचा मेल असा लिहा

नमस्कार मंडळी.

एक फोटो डोळ्यांसमोर आणा. कोर्टाच्या पायऱ्यांवरून चार माणसं उतरतायत. डाव्या टोकाला पोलीस, त्याच्या शेजारी आरोपी, मग आरोपीच्या वकिलांचा कारकून आणि उजव्या टोकाला आणखी एक पोलीस. फोटोग्राफरनं ओळ अगदी बरोबर लिहून पाठवली: आरोपीचं नाव, आणि पुढे "डावीकडून दुसरा".

वेबसाइटवर टाकताना मोबाइलच्या पडद्यावर बसावा म्हणून फोटो डावीकडून कापला गेला. पहिला पोलीस फोटोबाहेर गेला, ओळ मात्र तीच राहिली. आता डावीकडून दुसरा कोण? कारकून. संध्याकाळी छापील अंकाच्या डेस्कवर हाच कापलेला फोटो पोचला. उपसंपादकानं ओळ वाचली, माणसं मोजली आणि दुसऱ्या माणसाचा चेहरा मोठा करून लावला. खाली आरोपीचं नाव. सकाळी कारकुनाचा चेहरा एका गुन्ह्याच्या बातमीत.

हे उदाहरण मी रचलंय, पण फोटोओळीतली चूक पुष्कळदा अशीच होते. कुणीही खोटं लिहिलेलं नसतं. फोटो कापला जातो किंवा उलटा लागतो आणि नावं एकेक जागा सरकतात. हे माहीत असलं की मेल लिहिताना फायदा होतो, कारण "तुम्ही मुद्दाम केलंत" या वाक्यानं सुरुवात करायची गरज उरत नाही.

आता कारकुनाच्या जागी बसून मेल लिहूया.

पण लिहायच्या आधी पुरावा गोळा करा. वेबपानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात पत्ता आणि तारीख-वेळ दिसू द्या. छापील पानाचा स्पष्ट फोटो काढा. अंकाची तारीख, पान क्रमांक आणि आवृत्ती लिहून ठेवा. आवृत्ती महत्त्वाची, कारण एका आवृत्तीत लागलेला फोटो दुसरीत नसूही शकतो आणि डेस्क भलत्याच अंकात शोधत बसतो. हे सगळं स्वतःच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर ठेवा. पुरावा म्हणून ते पान एखाद्या सार्वजनिक वेब-संग्रहात साठवू नका. ज्या पानावरून तुमचा चेहरा काढायचाय, त्याचीच कायमची प्रत तिथे तयार होईल.

शेवटी फोटोचं श्रेय बघा. फोटोच्या कडेला किंवा खाली बारीक अक्षरांत फोटोग्राफरचं किंवा वृत्तसंस्थेचं नाव असतं. वृत्तसंस्थेचा फोटो असेल तर तो दुसऱ्या वर्तमानपत्रांकडेही गेलेला असू शकतो. मग एक मेल तिकडेही जायला हवा. मोठ्या वृत्तसंस्था फोटोओळीची दुरुस्ती ग्राहकांना कळवतात, आणि चूक गंभीर असेल तर फोटो वापरूच नका असंही सांगतात.

आता विषयाची ओळ.

[स्क्रीनवर]
तातडीची दुरुस्ती: (तारीख) चा अंक, पान ५, फोटोओळीत चुकीच्या व्यक्तीची ओळख

संपादकांच्या मेलबॉक्सवर दिवसभर मेल आदळत असतात. नुसतं "तक्रार" लिहिलेला मेल मागे पडतो. वरची ओळ वाचली की तो मेल कुणाकडे पाठवायचा हे लगेच कळतं. एक गोष्ट पाळा: चुकीचं छापलेलं नाव विषयाच्या ओळीत घालू नका. मेल चार जणांकडे पुढे जातो, आणि तुमच्या नावाशेजारी आरोपीचं नाव प्रत्येक इनबॉक्समध्ये दिसत राहतं.

मजकुराच्या पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही कोण ते सांगा. इथे बरेच मेल गोंधळतात. चुकीच्या फोटोओळीत दोन माणसांचं नुकसान होऊ शकतं: एक, ज्याचा चेहरा आहे, दुसरा, ज्याचं नाव आहे. "तो मी नाही" एवढंच लिहिलं तर डेस्कला कळत नाही की तुमचा चेहरा छापलाय की तुमचं नाव. म्हणून असं लिहा:

[स्क्रीनवर]
या फोटोत दिसणारी व्यक्ती मी आहे. ओळीत दिलेलं नाव माझं नाही. मी आरोपीच्या वकिलांच्या कार्यालयात कारकून आहे आणि त्या दिवशी कामानिमित्त कोर्टात होतो. या गुन्ह्यात मी आरोपी नाही.

चार साधी वाक्यं पुरेत. घरच्यांना काय भोगावं लागलं हे लिहावंसं वाटतं, आणि ते खरंच भोगावं लागतं. पण ते मेलच्या शेवटी एका परिच्छेदात घ्या. सुरुवातीला डेस्कला तपासता येईल अशीच माहिती हवी.

तपासायला काय द्यायचं? वकिलांच्या कार्यालयाचा फोन नंबर, त्यांची परवानगी घेऊन. त्याच प्रसंगाचा दुसऱ्या कोनातून काढलेला फोटो असेल तर तो. आणि एक वाक्य नक्की घाला: "कृपया फोटोग्राफरनं पाठवलेली मूळ, न कापलेली फ्रेम आणि तिची मूळ ओळ पाहावी." आपल्या उदाहरणात या एका वाक्यानं निकाल लागतो. मूळ फ्रेममध्ये चार माणसं आहेत आणि ओळ बरोबर आहे.

स्वतःचा फोटो पाठवताना मात्र जपा. २००९ मध्ये तेहरानच्या निदर्शनांत एक तरुणी गोळी लागून गेली. तिच्याशी मिळतंजुळतं नाव असलेल्या दुसऱ्या, हयात बाईचा फोटो मृत तरुणीचा म्हणून जगभर पसरला. त्या बाईंनी चूक दाखवून द्यायला एका माध्यमसंस्थेला मेल केला आणि तुलनेसाठी स्वतःचा फोटो जोडला. त्यांनी पुढे सांगितलं त्याप्रमाणे, तो फोटोही मृत तरुणीचा म्हणूनच दाखवला गेला. शेवटी त्यांना देश सोडावा लागला.

म्हणून फोटो जोडाच असं नाही. जोडलात तर फोटोवरच, चेहऱ्याच्या आडवं, लिहा: "फक्त पडताळणीसाठी, प्रसिद्धीसाठी नाही". मेलमधली सूचना मेलमध्येच राहते, फोटोची फाइल एकटी पुढे जाते. ओळखपत्राची प्रत पहिल्या मेलला जोडूच नका. मागितली तर पत्ता आणि क्रमांक झाकून द्या.

आता दुरुस्तीचा मजकूर. तो तुम्हीच लिहून द्या. तो जसाच्या तसा छापला जाईल असं नाही, ते संपादकांचं काम आहे. पण लिहून दिला नाही तर बहुतेक वेळा नावं अदलाबदल करून ओळ तयार होते: "फोटोतील व्यक्ती अमुक नसून तमुक आहे." बघा काय झालं. कालपर्यंत कारकुनाचा फक्त चेहरा त्या बातमीत होता, आता नावही आलं. त्याचं नाव शोधणाऱ्याला ते गुन्ह्याच्या बातमीशेजारी सापडेल. बक्षीस समारंभाच्या फोटोत चूक झाली असेल तर खरं नाव आवर्जून मागा, ते तुमच्या हक्काचं आहे. गुन्ह्याच्या बातमीत आपलं नाव छापू नका असं स्पष्ट सांगा.

[स्क्रीनवर]
दुरुस्ती: (तारीख) च्या अंकात पान ५ वर कोर्टातील सुनावणीच्या बातमीसोबतच्या फोटोत दिसणारी व्यक्ती या प्रकरणातील आरोपी नाही. फोटोओळीत त्यांची ओळख चुकीची दिली गेली. याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

माझं नाव प्रसिद्ध करू नये आणि दुरुस्तीसोबत तो फोटो पुन्हा छापू नये, ही विनंती.

उलटा प्रसंग असेल, म्हणजे चेहरा दुसऱ्याचा आणि नाव तुमचं, तर तुमच्या नावासकट दुरुस्ती हवी. नाव आधीच छापलं गेलंय, ते मोकळं व्हायला ते घ्यावंच लागतं.

यानंतर चूक कुठे कुठे आहे ते सांगा. छापील दुरुस्ती आली की काम झालं असं आपण धरतो, पण तीच ओळ इतर जागीही शिल्लक असते. बातमीचं वेबपान. ई-पेपर. वर्तमानपत्राच्या सोशल मीडिया पोस्ट. आणि वेबपानावर एक न दिसणारी जागा असते. फोटो दिसला नाही तर किंवा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना वाचून दाखवायला फोटोमागे मजकूर लिहिलेला असतो. कॉम्प्युटरवर फोटोवर राइट क्लिक करून `Inspect` निवडलं की तो असा दिसतो:

```
<img src="photo.jpg" alt="आरोपी (नाव) कोर्टाबाहेर">
```

फोटोखालची ओळ बदलली तरी हे `alt` तसंच राहू शकतं, आणि सर्च इंजिन तेही वाचतं. फाइलच्या नावातही आरोपीचं नाव असू शकतं. म्हणून "ओळ बदला" एवढंच न म्हणता "फोटो काढून टाका आणि त्याच पानावर दुरुस्तीची नोंद ठेवा" असं मागा. नोंदीचा आग्रह धरा. फोटो गुपचूप बदलला तर ज्यांनी आधी पाहिला त्यांना चूक झाली होती हे कधीच कळणार नाही.

सगळ्यांत जास्त राहून जाणारी जागा म्हणजे फोटोचा संग्रह. वृत्तपत्राच्या संग्रहात फोटोची ओळ बऱ्याचदा फाइलच्या आतच साठवलेली असते. खटला पुढे चालेल. काही महिन्यांनी निकाल लागेल, रात्रीच्या घाईत कुणीतरी आरोपीच्या नावानं संग्रहात फोटो शोधेल आणि कारकुनाचा मोठा केलेला चेहरा वर येईल. तेव्हा हे वाक्य मेलमध्ये हवंच: "ही कापलेली प्रत संग्रहातून काढावी, आणि मूळ फोटोच्या नोंदीत ओळखीबाबत इशारा लिहावा. हे झाल्याचं कृपया कळवावं."

सूर कसा ठेवायचा? ठाम आणि सभ्य. पहिल्याच मेलमध्ये कोर्टाची धमकी दिली तर मेल कायदा विभागाकडे जायची शक्यता वाढते आणि ज्या डेस्कवर पाच मिनिटांत दुरुस्ती झाली असती तिथे सगळे गप्प बसतात. पण आपल्या कारकुनासारखं तुम्हाला गुन्ह्याशी जोडलं गेलं असेल, तर मेल पाठवतानाच वकिलांशीही बोलून ठेवा. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

मेल संपादकांना पाठवा आणि ऑनलाइन डेस्कला प्रत द्या. मग लगेच फोन करा: "आत्ता मेल पाठवलाय, विषय हा, वेबवरचा फोटो आधी काढता येईल का?" वेबपान लगेच बदलता येतं, छापील दुरुस्तीला पुढचा अंक लागतो, म्हणून या दोन मागण्या वेगळ्या ठेवा. आज वेबवर काय होणार आणि कुठल्या अंकात दुरुस्ती येणार, हे मेलनं लिहून मागा.

उत्तर आलं नाही तर नवा मेल लिहू नका, त्याच मेलखाली पुढचा लिहा म्हणजे आधीच्या तारखा सोबत राहतात. वाचकांच्या तक्रारी पाहणारे वेगळे संपादक असतील तर त्यांना जोडा. त्यानंतर वृत्तपत्रांच्या तक्रारी ऐकणारी संस्था. अशा संस्था सहसा आधी विचारतात की संपादकांना लिहिलं होतं का, आणि तक्रारीला मुदतही असते. ती मुदत पहिल्या दिवशीच बघून ठेवा.

वेबवरचा फोटो निघाला तरी गूगलच्या निकालात तो काही काळ दिसू शकतो. त्यासाठी गूगलचं `Refresh Outdated Content` नावाचं साधन आहे. पान तुमचं नसलं तरी त्यावर विनंती करता येते, पण आधी मूळ पानावरून फोटो खरोखर निघालेला असायला हवा. म्हणून ही पायरी संपादकांचं उत्तर आल्यावर, पान स्वतः उघडून `alt` सकट तपासल्यावरच करा.