वीस वर्षांची गझल, वीस मात्रांत

(नाशिकमध्ये झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, लग्नाच्या वाढदिवसाला कविता करून द्या म्हणून मागणी येते, तेव्हा मागणारा सोबत शब्दही देऊन जातो. साताजन्माची गाठ, संसाराची वेल, रेशीमबंध. हे शब्द इतके वापरून झालेत की ते नाशिकच्या जोडप्याला जसे लागू पडतात तसेच नांदेडच्याही. म्हणून आज तत्त्वचर्चा बाजूला ठेवू आणि एकच गझल पायरीपायरीने बांधू. आमच्या गझलवर्गात येणाऱ्या एका ताईंना त्यांच्या दादा-वहिनींच्या विसाव्या वाढदिवसासाठी गझल हवी होती. दादा ती वहिनींना उद्देशून मंचावरून वाचणार, म्हणजे लिहायची ताईंनी आणि बोलायचं दादांनी.

मी आधी माहिती विचारली. दादा सातपूरला कारखान्यात, कितीतरी वर्षं रात्रपाळी. वहिनी पंचवटीतल्या शाळेत शिक्षिका. हे सकाळी घरी येणार तेव्हा त्या निघायच्या तयारीत. दोघांची भेट म्हणजे ओट्याशी उभ्या उभ्या घेतलेला चहा. आणि वहिनींचा डबा दादा भरायचे, भांडण झालेलं असलं तरीही. मी म्हटलं, बस, आता रेशीमबंध नकोत.

पहिला निर्णय वृत्ताचा. गझलेला वृत्त लागतंच, त्यात सवलत नाही. पण कोणतं? नाशिककरांना मी नेहमी भुजंगप्रयात सुचवतो. समर्थ रामदासांनी आपल्या टाकळीला बारा वर्षं तप केलं असं परंपरा सांगते, आणि त्यांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. लहानपणी ते ज्याच्या कानावरून गेलेत त्याला ही चाल शिकवावी लागत नाही. लगागा लगागा लगागा लगागा. ल म्हणजे लघु, एक मात्रा. गा म्हणजे गुरू, दोन मात्रा. लगागाच्या झाल्या पाच, आणि असे चार तुकडे, म्हणजे ओळीत मात्रा वीस! वीस वर्षांच्या गझलेला वीस मात्रांची ओळ. ऐकणाऱ्याला हे कळणार नाही, पण लिहिणाऱ्याला उगाच बरं वाटतं.

आता रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी जसाच्या तसा परत येणारा शब्द. ताईंच्या मनात ‘तुझ्यामुळे’ होतं. मी ‘वीस वर्षे’ सुचवलं. एक कारण वृत्ताचं. ‘वीस वर्षे’ची लय गालगागा. भुजंगप्रयाताच्या ओळीतली शेवटची चार अक्षरंही नेमकी गालगागाच असतात, त्यामुळे शब्द ओळीच्या टोकाला अलगद बसतो. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. ‘आज विसावा वाढदिवस’ ही बातमी एकदा रदीफनं उचलली की उरलेल्या ओळींना ती सांगत बसावं लागत नाही. त्या चहाबद्दल बोलायला मोकळ्या होतात.

रदीफच्या आधी काफिया, म्हणजे यमकाचा शब्द. ‘वर्षे’ नपुंसकलिंगी अनेकवचनी, म्हणून क्रियापदं आपोआप ‘ली’वर संपतात: चालली, जोडली, मोजली. हे सोपं आहे आणि सोपं आहे म्हणूनच धोक्याचं. पहिल्या शेराला मतला म्हणतात. त्याच्या दोन्ही ओळींत काफिया येतो आणि पुढच्या सगळ्या शेरांचा कायदा तिथेच ठरतो. तिथे ‘चालली’ आणि ‘संपली’ अशी दोन क्रियापदं घेतली, तर दोन्हीकडे जुळतो तो फक्त प्रत्यय. चाल आणि संप यांचं यमक कुठे आहे? जाणकार लगेच भुवया उंचावतो. म्हणून मतल्यात एक तरी असा शब्द हवा की ज्यातला ‘ली’ त्याचा स्वतःचा आहे. ताईंनाच सुचला: सावली.

उन्हाला तुझी सावली वीस वर्षे
तुझ्यासोबती चालली वीस वर्षे

मोजून पाहा. उ-न्हा-ला, तु-झी-सा, व-ली-वी, स-वर्-षे. इथे कोणीतरी विचारणारच की जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं ना, मग ‘तुझ्या’तला तु लघु कसा? जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडला तरच ते गुरू होतं. ‘वर्षे’ म्हणताना व वर जोर येतो, तो गुरू. ‘तुझ्या’, ‘उन्हा’ म्हणताना येत नाही, ते लघु. सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ‘दिव्य’ आणि ‘दिव्याखाली’. अक्षरं तीच, पण दिव्य दृष्टीतला दि गुरू आणि दिव्याखालच्या अंधारातला दि लघु. डोळ्यांनी ठरवू नका, तोंडानं म्हणून बघा.

मतल्यानं आणखी एक गोष्ट बांधून टाकली. सावली, चालली: दोन्हींत ‘ली’च्या आधी अ हा स्वर आहे. याला अलामत म्हणतात. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’त हे सारं सोपं करून सांगितलंय, आणि नवशिक्यांचे पाय घसरतात तेही इथेच. ‘पाहिली’, ‘राहिली’ चालणार नाहीत, तिथे इ आहे. ‘माउली’ नाही, तिथे उ आहे.

आता चहा. ताईंची पहिली ओळ होती: ‘रात्रपाळी मला, तुला रोज शाळा’. शब्द सुरेख, एकही अवघड नाही. पण म्हणताना पहिल्याच पावलाला ठेच लागते, कारण ओळ लघूनं सुरू व्हायला हवी आणि ‘रा’ गुरू आहे. नवा शब्द शोधायची गरजच नव्हती, दोन शब्दांची जागा बदलली की झालं: ‘मला रात्रपाळी, तुला रोज शाळा’. वृत्त बिघडलं की लोक शब्दकोश उघडतात, आधी क्रम बदलून बघावा.

दुसरी ओळ त्यांनी केली होती: ‘चहाच्या कपी साठली वीस वर्षे’. मात्रा चोख, अलामत चोख. वर्गातला एकजण म्हणाला, “ताई, कपी म्हणजे माकड!” हशा झाला, पण दुखणं खरं आहे. ‘कपात’ बसत नाही म्हणून ‘कपी’, ‘मनात’ बसत नाही म्हणून ‘मनी’. ओट्याशी उभे राहून आपण असं बोलतो का? नाही ना, मग गझलेतही नको. वृत्त सांभाळायला भाषा वाकवली की ती ओळ ऐकू येते, पण खरी वाटत नाही. शेर झाला तो असा:

मला रात्रपाळी, तुला रोज शाळा
चहाने कशी जोडली वीस वर्षे

पहिली ओळ दोघांना दोन दिशांना नेते, दुसरी एकत्र आणते. आणि बघा, ‘चहा’ शब्द दुसऱ्या ओळीपर्यंत राखून ठेवलाय. शेराची पहिली ओळ सगळं सांगून मोकळी झाली की दुसरीला कामच उरत नाही.

डब्याचा शेर:

अबोला असो वा असो हट्ट माझा
डब्यातून ही बोलली वीस वर्षे

आधी ओळ होती ‘डब्यातून तू बोलली वीस वर्षे’. यात व्याकरण चुकतं, ‘तू बोललीस’ हवं. शिवाय डबा भरणारे दादा, वहिनी नव्हेत! ‘तू’च्या जागी ‘ही’ आलं आणि वर्षंच बोलायला लागली. एका अक्षराचं काम आहे.

नाशिकच्या जोडप्याच्या गझलेत गंगा यायलाच हवी, हा ताईंचा आग्रह. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की गळ्यापर्यंत आलं यावरून पूर मोजणारी आपण माणसं, आणि उन्हाळ्यात पात्र आटलेलंही आपणच पाहतो.

कधी पूर आला, कधी फक्त वाळू
नदीसारखी नांदली वीस वर्षे

इथे हात ‘वाहिली’कडे जातो, पण तिथे तो इ आडवा येतो. काहीजण ‘वाहली’ करून वेळ मारून नेतात. शोधता शोधता ‘नांदली’ मिळालं, जे सासरी नांदणाऱ्या मुलीसाठी आपण रोज वापरतो. अलामतीनं अडवलं म्हणून हा शब्द हाती आला. नदी-संसार ही जोडी जुनीच आहे, हे मान्य. ‘नांदली’नं ती थोडी निभावली एवढंच.

रदीफची एक तपासणी सांगतो. शेर रदीफशिवाय वाचा. तरी पूर्ण वाटला, तर रदीफ नुसता लोंबतोय. ‘नदीसारखी नांदली’, पण कोण? वीस वर्षं. इथे तो कर्ता आहे. ‘चहाने कशी जोडली’ मध्ये तो कर्म आहे. मतल्याच्या पहिल्या ओळीत तो नुसता काळ दाखवतो, किती दिवस सावली होती तो. तोच शब्द दरवेळी वेगळं काम करतोय, म्हणून पाचव्यांदा आला तरी कंटाळा येत नाही.

पाच शेर हवेत असा संकेत आहे. शेवटच्या शेरात कवीचं टोपणनाव घालतात, पण ताईंचं टोपणनाव नाही आणि बोलतायत दादा, म्हणून ते सोडून दिलं.

तुझे काय देणे नि माझे किती ते
कुणी आपली मोजली वीस वर्षे

पाचही शेर एकाच जोडप्याचे असले तरी प्रत्येक एकटा उभा राहतो का, हे पाहायला मी ताईंना शेरांचा क्रम उलटसुलट करून वाचायला लावला. मतला सोडून बाकी कुठेही फिरवता आले. ताईंनी आणखी एक शेर केला होता, मुलांच्या शिक्षणाचा, पण तो आधीच्या शेराच्या आधाराशिवाय कळत नव्हता. तो काढला. त्यांना वाईट वाटलं, साहजिक आहे.

राहता राहिलं वाचन. मतला दोनदा म्हणावा, म्हणजे लोकांना रदीफ पाठ होतो. पुढच्या प्रत्येक शेरात पहिली ओळ दोनदा, मग दुसरी, आणि काफियानंतर अगदी किंचित थांबावं. चहाच्या शेरापर्यंत मांडवातले लोक ‘वीस वर्षे’ स्वतःच म्हणायला लागतात. दादांना एवढंच सांगितलं, की तसं झालं तर रदीफ त्यांना म्हणू द्या, तुम्ही वहिनींकडे बघा.